टनाला ३.४ घनमीटर पुरत नाहीत

भाजीपाल्याच्या शीतगृहाचा आराखडा कोणालाही विचारा, उत्तर ठरलेले असते: टनाला ३.४ घनमीटर. पाच टन ठेवायचे तर १७ घनमीटरची खोली, विषय संपला. आकडा ऐकीव नाही. राष्ट्रीय फलोत्पादन मंडळाच्या मानकांत तो आहे आणि प्रकल्प अहवालांत तोच धरला जातो. माझे म्हणणे एवढेच, की मावळातल्या शेतकरी गटाने आपल्या छोट्या खोलीसाठी तो धरू नये.

आधी त्या आकड्याची बाजू पाहू. उंच, मोठ्या दालनात बटाट्याची पोती रचली की तो बरोबर बसतो. एक टन बटाटा स्वतः सुमारे दीड घनमीटर जागा घेतो. उरलेली निम्म्याहून जास्त जागा वाट आणि हवेसाठी राहते. शिवाय तो माल एकदा भरला की महिनोन्‌महिने हलवायचा नसतो. त्यामुळे वाट अरुंद असली तरी कोणाचे अडत नाही.

टोमॅटोचे तसे नाही. बाजारात सर्रास मिळणाऱ्या प्लॅस्टिक क्रेटचे बाहेरचे माप सुमारे ५४ × ३६ × २९ सेंटिमीटर. त्यात वीस किलो टोमॅटो धरला तर टनाला पन्नास क्रेट लागतात आणि हे नुसते क्रेटच २.८ घनमीटर व्यापतात. मग माणसाला वाट, भिंतीलगतची फट आणि छताखालची मोकळी जागा या साऱ्यांसाठी उरतात जेमतेम ०.६ घनमीटर.

आता पवन मावळातला एखादा गट पाच टन टोमॅटो ठेवतो असे धरू. २५० क्रेट झाले. माणसाच्या हाताला झेपेल अशी सात क्रेटची थप्पी लावली तर ती दोन मीटरची होते. खाली पॅलेट धरून २.१ मीटर. खोली तीन मीटर उंच ठेवली म्हणजे कूलरची हवा थप्प्यांवरून पलीकडच्या भिंतीपर्यंत जाते. छत्तीस थप्प्या लागतील. दोन-तीन सेंटिमीटरच्या फटी धरून प्रत्येक थप्पीला ५७ × ३९ सेंटिमीटर जागा द्या. मधोमध एक मीटरची वाट, तिच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन रांगा, प्रत्येक रांगेत सहा थप्प्या. दोन्ही भिंतींलगत पंधरा सेंटिमीटर सोडले की रुंदी ३.६५ मीटर होते. दारापाशी वळायला ८० सेंटिमीटर आणि मागे फट धरून लांबी ४.४ मीटर. खोली ४८ घनमीटरची झाली, म्हणजे टनाला साडेनऊच्या वर. १७ घनमीटरच्या तीन मीटर उंच खोलीत वाट आणि फटी दोन्ही सोडून दिल्या, तरी याच उंचीच्या थप्प्यांत दोनशेच्या आसपास क्रेट मावतात.

यावर पहिला आक्षेप येतो की वाट कशाला, खोली दारापर्यंत ठासून भरा. भरता येते, पण लोणावळ्याच्या हॉटेलांना शनिवार-रविवारच्या गर्दीसाठी माल थोडा थोडा द्यायचा असतो. प्रत्येक वेळी पुढचा माल बाहेर काढून मागचा घ्यायचा, तोवर दार उघडे. पावसाळ्यात इथली ओली हवा आत शिरते आणि कूलरवरचा भार वाढतो. ठासून भरलेली खोली ओळखणे सोपे आहे. कूलरजवळचा आकडा १२ अंश दाखवतो. दुसऱ्या दिवशी मधल्या थप्पीतल्या टोमॅटोत दांडीचा थर्मामीटर खुपसा, तिथे अजून दिवसाची ऊब सापडते.

दुसरा आक्षेप विजेचा, आणि तो जास्त वजनदार वाटतो. मोठ्या खोलीला भिंती जास्त, म्हणून बिल जास्त, असे म्हणतात. हिशेब करून पाहा. पाच टन टोमॅटो २८ वरून १२ अंशांवर आणायला सुमारे ९० युनिटइतकी उष्णता काढावी लागते. रोज एकच टन भरला तरी १८. दहा सेंटिमीटर जाडीच्या पफ पॅनेलची मोठी खोली घेतली तर लहानीपेक्षा भिंती-छतातून दिवसाला चारेक युनिट उष्णता जास्त येते. कॉम्प्रेसरला ती काढायला दोन युनिटांच्या आसपास वीज लागते. बिलाचा मोठा भाग मालासोबत शेतातून आलेल्या उष्णतेचा असतो, आणि ती खोलीच्या मापाने कमी-जास्त होत नाही. पॅनेलचा खर्च मात्र वाढतो, हे मान्य. तो पहिल्याच दिवशी मोजून घ्यावा.

ढोबळी मिरची ठेवायची असेल तर ३.४ चा आकडा मुळातच टिकत नाही. त्याच क्रेटमध्ये ती दहा-बारा किलोच बसते. दहा किलो धरले तर टनाला शंभर क्रेट, म्हणजे वाट न धरताच ५.६ घनमीटर. वरची ४८ घनमीटरची, २५० क्रेटची खोली टोमॅटोसाठी पाच टनांची असली तरी मिरचीसाठी अडीच टनांचीच आहे. म्हणून ठेकेदाराकडून टनांत नव्हे, तर क्रेटच्या संख्येत आणि थप्प्यांच्या नकाशावर खोली लिहून घ्यावी, आणि त्याआधी आपला स्वतःचा भरलेला क्रेट काट्यावर ठेवून पाहावा.