लेटंट स्पेस
५१२ × ५१२ पिक्सेलच्या रंगीत चित्रात ७,८६,४३२ आकडे असतात. ‘स्टेबल डिफ्यूजन’च्या २०२२ मधील पहिल्या आवृत्तीतला एन्कोडर त्यांचा गोषवारा ६४ × ६४ × ४, म्हणजे १६,३८४ आकड्यांत करतो. नवे चित्र घडवताना सुरुवातच या छोट्या जागेतल्या, म्हणजेच लेटंट स्पेसमधल्या, निव्वळ नॉइजपासून होते. नॉइज काढणारे अवजड जाळे पन्नासेक वेळा चालवावे लागते, आणि दर वेळी त्याच्यापुढे अठ्ठेचाळीसपट कमी आकडे असतात. खरी बचत ती. डीकोडर पिक्सेल शेवटी एकदाच उभे करतो. बारकावे मात्र हरवतात. पाटीवरची बारीक अक्षरे बिघडली, तर एखादा खरा फोटो नुसता एन्कोड-डीकोड करून पाहावा. तिथेही अक्षरे विस्कटली, तर दोष गोषवाऱ्यातच आहे.