रोख राखीव प्रमाण आणि रेपो दर

रोख राखीव प्रमाण (सीआरआर) आणि रेपो दर : बँकांच्या हाती किती पैसा राहावा व तो काय भावाने मिळावा, हे ठरवण्यासाठी भारतीय रिझर्व्ह बँक वापरते त्यांपैकी दोन साधने. दोन्ही टक्क्यांत सांगितली जातात आणि बहुधा एकाच पतधोरणाच्या दिवशी जाहीर होतात. त्यामुळे त्यांची गल्लत वारंवार होते. ऑगस्ट २००८ च्या अखेरीस तर दोन्ही आकडे ९ टक्के होते. मात्र पहिल्या ९ टक्क्यांचा अर्थ ठेवींतील हिस्सा असा होता, तर दुसऱ्या ९ टक्क्यांचा अर्थ वार्षिक व्याज. वाटा आणि भाव यांची तुलना होऊ शकत नाही, म्हणून ‘सीआरआर रेपोपेक्षा कमी आहे’ हे विधान निरर्थक ठरते.

रोख राखीव प्रमाण. रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४ च्या कलम ४२ नुसार प्रत्येक अनुसूचित बँकेला आपल्या निव्वळ मागणी व मुदत देयतांचा ठरावीक हिस्सा रिझर्व्ह बँकेतील खात्यात रोख शिल्लक म्हणून ठेवावा लागतो. चालू व बचत खात्यांतील रकमा प्रामुख्याने मागणी देयतांत येतात, तर मुदत ठेवी मुदत देयतांत. मूळ कायद्यात या दोहोंसाठी वेगळे दर होते : मागणी देयतांवर ५ टक्के आणि मुदत देयतांवर २ टक्के. १९६२ मध्ये दोन्ही एकत्र करून ३ ते १५ टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. जुलै १९८९ मध्ये प्रमाण १५ टक्क्यांवर पोहोचले. त्यावर मे १९९१ पासून वाढीव ठेवींवर आणखी १० टक्के राखीव ठेवण्याची सक्ती आली. त्या काळी या शिलकीवर रिझर्व्ह बँक काही प्रमाणात व्याज देत असे. २००६ च्या दुरुस्तीने किमान व कमाल या दोन्ही मर्यादा गेल्या, तशी व्याजाची तरतूदही गेली. ३१ मार्च २००७ पासून या रकमेवर एक रुपयाही व्याज मिळत नाही.

हिशेब प्रत्यक्षात असा चालतो. एखाद्या बँकेच्या निव्वळ देयता १,००० कोटी रुपये आणि प्रमाण ४ टक्के असेल, तर ४० कोटी रुपये रिझर्व्ह बँकेत बिनव्याजी राहतात. ठेवीदाराला मात्र पूर्ण १,००० कोटींवर व्याज द्यावे लागते. ठेवींचा खर्च सरासरी ६ टक्के धरला, तर उरलेल्या ९६० कोटींवर तो ६.२५ टक्के पडतो. हा पाव टक्का शेवटी कर्जदाराच्या व्याजात किंवा बँकेच्या नफ्यात कुठेतरी दिसतोच. शिल्लक पंधरवड्याच्या सरासरीने मोजतात आणि ती दोन पंधरवडे मागच्या देयतांवर काढतात. म्हणजे आज किती रक्कम हवी, हे बँकेला आधीच ठाऊक असते. सरासरीची मुभा असली, तरी सर्वसाधारण नियमाप्रमाणे कोणत्याही दिवशी शिल्लक आवश्यक रकमेच्या ९० टक्क्यांखाली जाऊ द्यायची नसते. ती गेल्यास तुटीवर बँक दर अधिक ३ टक्के, आणि तूट पुढेही चालू राहिल्यास बँक दर अधिक ५ टक्के दंडव्याज लागते. बँकांच्या कोषागार विभागातील लोक पंधरवड्याचे शेवटचे दोन दिवस शिलकीवर डोळे लावून बसतात, ते यामुळेच.

वैधानिक रोखता प्रमाण (एसएलआर). हे बँकिंग नियमन अधिनियम, १९४९ च्या कलम २४ खाली येते. ते रोख, सोने किंवा मंजूर रोख्यांत, मुख्यतः सरकारी कर्जरोख्यांत, बँकेने स्वतःकडे ठेवायचे असते आणि रोख्यांवर व्याज मिळते. एप्रिल २०२० पासून १८ टक्के.

रेपो दर. बँकेला एका रात्रीपुरती किंवा काही दिवसांपुरती रोकड कमी पडली, तर ती आपल्याकडील सरकारी रोखे रिझर्व्ह बँकेला विकते आणि ठरल्या दिवशी ठरल्या किमतीला परत विकत घेण्याचा करार करते. विक्री आणि फेरखरेदी यांच्या किमतींतील फरक म्हणजे व्याज, आणि त्याचा दर म्हणजे रेपो दर. १० कोटी रुपये ६.५ टक्क्यांनी एका रात्रीसाठी घेतले, तर व्याज सुमारे १७,८०८ रुपये होते. रिव्हर्स रेपो हा उलट व्यवहार असून त्यात रिझर्व्ह बँक रोकड शोषून घेते. ‘रोखता समायोजन सुविधा’ या नावाने ही यंत्रणा जून २००० मध्ये सुरू झाली आणि मे २०११ पासून रेपो हाच एकमेव धोरणदर मानला गेला. त्याच्या वर मार्जिनल स्टँडिंग फॅसिलिटी आणि, एप्रिल २०२२ पासून, खाली स्टँडिंग डिपॉझिट फॅसिलिटी अशी पट्टी असते. एका रात्रीच्या कर्जबाजारातील दर या पट्टीत राहावा, अशी अपेक्षा असते. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांच्या नव्या बदलत्या व्याजाच्या गृहकर्जांना बाह्य मानदर जोडणे सक्तीचे झाले. बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपोच निवडला, म्हणून रेपो बदलला की हप्ता किंवा मुदत बदलते. सीआरआर बदलल्याने असा थेट परिणाम होत नाही.

निर्णय कोण घेतो. वृत्तपत्रांत दोन्ही निर्णय एकाच मथळ्याखाली येतात, पण ते वेगवेगळ्या जागी होतात. २०१६ च्या दुरुस्तीनंतर रेपो दर सहा सदस्यांची पतधोरण समिती मताधिक्याने ठरवते. सीआरआर समितीच्या कक्षेत नाही. तो रिझर्व्ह बँक ठरवते. समितीच्या ठरावात त्याचा आकडा नसतो, गव्हर्नरांच्या निवेदनात असतो.

पैशाच्या पुरवठ्याशी संबंध. रिझर्व्ह बँकेने निर्माण केलेला पैसा, म्हणजे चलनातील नोटा-नाणी आणि बँकांची तिच्याकडील शिल्लक, यास राखीव पैसा (एम-०) म्हणतात. रेपोने कर्ज दिले की राखीव पैसा वाढतो, फेडले की घटतो. सीआरआर बदलल्याने राखीव पैसा मुळात तेवढाच राहतो. बदलतो तो त्याच्या आधारावर उभ्या राहणाऱ्या ठेवींचा डोलारा. लोकांनी रोख नोटा बाळगल्याच नाहीत असे धरले, तर ४ टक्के प्रमाणाला गुणक २५ येतो. पण लोक रोख बाळगतात. दर १०० रुपये ठेवीमागे १६ रुपये रोख धरली, तर गुणक ५.८ वर येतो, प्रमाण ४.५ टक्के असेल, तर ५.६६ होतो. अर्ध्या टक्क्याच्या बदलाने गुणक इतकाच हलतो. शिवाय मोकळी झालेली रक्कम बँकेने कर्जाऊ दिली नाही, तर तोही बदल कागदावरच राहतो.

आकडे वाचताना एक सापळा असतो. सीआरआर घटला की बँका सुटलेल्या रकमेतून रिझर्व्ह बँकेचे रेपो कर्ज फेडतात, किंवा ती तिच्याकडेच व्याजावर ठेवतात. दोन्ही प्रकारांत राखीव पैशाचा आकडा खाली येतो आणि पतधोरण सैल होत असताना ते कडक होत असल्याचा भास होतो. म्हणूनच रिझर्व्ह बँक राखीव पैशाची वाढ सीआरआर बदलाचा पहिला परिणाम वगळूनही देते, आणि तुलनेसाठी तीच घ्यावी.

नोव्हेंबर २०१६ चे प्रकरण. दोन साधनांतील फरक या प्रसंगात स्पष्ट दिसतो. ८ नोव्हेंबरला ५०० व १,००० च्या नोटा बाद झाल्या आणि त्या ठेवी म्हणून बँकांत लोटू लागल्या. कर्जाला तितकी मागणी नव्हती. एवढा पैसा मोकळा राहिला असता, तर एका रात्रीचा व्याजदर रेपोच्या पट्टीखाली घसरला असता. २६ नोव्हेंबरला, शनिवारी, रिझर्व्ह बँकेने आदेश काढला : १६ सप्टेंबर ते ११ नोव्हेंबर या काळात ज्या बँकेच्या देयता जितक्या वाढल्या, त्या वाढीच्या १०० टक्के रक्कम अतिरिक्त राखीव म्हणून ठेवायची. मूळ ४ टक्के प्रमाण तसेच राहिले, रेपोही ६.२५ टक्क्यांवर तसाच. भावाला हात न लावता माल काढून घेतला गेला.

बँकांना हे महाग पडले. बचत खात्यावर त्या सर्वसाधारणपणे ४ टक्के देत होत्या आणि राखीव शिलकीवर काही मिळत नव्हते. सोमवारी रोख्यांच्या किमती पडल्या. २ डिसेंबरला सरकारने बाजार स्थिरीकरण योजनेची मर्यादा ३०,००० कोटींवरून ६ लाख कोटींवर नेली. या योजनेखालील रोखे बँकांना व्याज देतात, आणि ते सरकारच्या तिजोरीतून जाते. रोकड शोषण्याचा भार असा बँकांवरून सरकारवर गेला आणि अतिरिक्त राखीवाची सक्ती १० डिसेंबरपासूनच्या पंधरवड्यात उठवली. ७ डिसेंबरच्या बैठकीत समितीने रेपो स्थिर ठेवला, तेव्हा कपातीची अपेक्षा धरलेल्यांना धक्का बसला.

ऑगस्ट २०२३ मध्ये याचीच छोटी आवृत्ती घडली. २,००० च्या नोटा परत येत होत्या. टोमॅटोच्या भावामुळे जुलैची किरकोळ महागाई ७.४४ टक्क्यांवर गेल्याचे समितीच्या बैठकीनंतर जाहीर झाले. समितीने रेपो ६.५ टक्क्यांवर ठेवला, तर रिझर्व्ह बँकेने १९ मे ते २८ जुलै या काळातील देयतावाढीवर १० टक्के अतिरिक्त राखीव लावले आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत ते टप्प्याटप्प्याने सोडले.

चलनवाढीशी संबंध. कायद्याने ठरलेले लक्ष्य ग्राहक किंमत निर्देशांकावर ४ टक्के असून २ ते ६ टक्के पट्टी सोडलेली आहे. ४ मे २०२२ रोजी वेळापत्रकाबाहेर झालेल्या बैठकीनंतर रेपो ४.४० टक्के आणि सीआरआर ४.५ टक्के झाला. सीआरआरच्या अर्ध्या टक्क्याने सुमारे ८७,००० कोटी रुपये अडकले. एप्रिलची महागाई ७.७९ टक्के निघाली. सलग तीन तिमाही पट्टी ओलांडली गेल्याने रिझर्व्ह बँकेला त्या वर्षी सरकारला कारणांचे पत्र लिहावे लागले. ते प्रसिद्ध झाले नाही. भाजीपाल्याच्या भाववाढीवर रेपोचा उपयोग किती, याविषयी अर्थतज्ज्ञांत मतभेद आहेत.

वाद. ऑगस्ट २०१२ मध्ये स्टेट बँकेचे तत्कालीन अध्यक्ष प्रतीप चौधरी यांनी सीआरआर रद्द करावा, निदान त्यावर व्याज द्यावे, अशी जाहीर मागणी केली. रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर के. सी. चक्रवर्ती यांनी तिला तितक्याच जाहीरपणे खरमरीत उत्तर दिले. मागणी मान्य झाली नाही.

सहकारी बँका. नागरी सहकारी बँकांची संख्या महाराष्ट्रात सर्वाधिक आहे. त्यांपैकी ज्या अनुसूचित नाहीत, त्यांचे राखीव बँकिंग नियमन अधिनियमाच्या कलम १८ खाली मोजतात, आणि ते रिझर्व्ह बँकेतच ठेवण्याचे बंधन त्यांच्यावर नसते.

इतर देश. अमेरिकेत २६ मार्च २०२० पासून राखीव प्रमाण शून्य आहे; चीनमध्ये ते अजूनही वारंवार बदलले जाणारे साधन आहे.