तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असे असते का?

वर्षअखेरीस तेरजेच्या दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली, की हिशेब लिहिणारा निःश्वास टाकतो. पण तेरीज जुळणे आणि हिशेब बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तेरीज म्हणजे काय?

तेरीज, म्हणजेच ट्रायल बॅलन्स, ही खतावणीतील सर्व खात्यांच्या बाक्यांची एका ठराविक तारखेची यादी असते. द्विनोंदी पद्धतीत प्रत्येक व्यवहार एका खात्याला नावे आणि दुसऱ्या खात्याला तेवढ्याच रकमेने जमा होतो. त्यामुळे नावे बाक्यांची बेरीज जमा बाक्यांच्या बेरजेइतकी यायला हवी.

एका स्टेशनरी दुकानाचे काल्पनिक उदाहरण पाहू. दुकानाचे हे पहिलेच वर्ष आहे. ३१ मार्चची तेरीज अशी आहे:

| खाते | नावे (₹) | जमा (₹) |
|---|---|---|
| रोख | १५,००० | |
| बँक | ६०,००० | |
| ग्राहकांकडून येणे | ४५,००० | |
| फर्निचर | ५०,००० | |
| खरेदी | ४,००,००० | |
| दुकानभाडे | ९६,००० | |
| दुरुस्ती खर्च | ३४,००० | |
| भांडवल | | १,२०,००० |
| विक्री | | ५,२०,००० |
| पुरवठादारांचे देणे | | ६०,००० |
| एकूण | ७,००,००० | ७,००,००० |

तेरीज कशी वाचायची?

मालमत्ता, येणी आणि खर्च यांची बाकी सहसा नावे असते. भांडवल, देणी आणि उत्पन्न यांची बाकी जमा असते. म्हणून रोख खात्याची बाकी जमा दिसली, तर बेरीज जुळूनही काहीतरी चुकले आहे हे उघड आहे. गल्ल्यात असलेल्यापेक्षा जास्त रोख खर्च होऊच शकत नाही.

वरच्या तेरजेत असे विचित्र काही दिसत नाही. तरीही तिच्यात तीन चुका आहेत.

तेरजेला न दिसणाऱ्या चुका

पहिली चूक म्हणजे नोंदच राहून गेली. एका पुरवठादाराकडून १८,००० रुपयांच्या वह्या उधारीवर आल्या. माल फळीवर लागला, पण बिल खणातच राहिले. खरेदी आणि देणे दोन्हीकडे १८,००० कमी पडले, त्यामुळे तोल बिघडला नाही.

दुसरी चूक तत्त्वाची. २४,००० रुपयांचे नवे कपाट घेतले आणि ते दुरुस्ती खर्चात लिहिले गेले. कपाट अनेक वर्षे वापरायचे असल्याने ते फर्निचर खात्यात हवे होते. दोन्ही खाती नावे बाजूचीच, म्हणून बेरजेला फरक कळला नाही.

तिसरी चूक खात्याची. एका ग्राहकाने ५,००० रुपये भरले, ते त्याच आडनावाच्या दुसऱ्या ग्राहकाच्या खात्यात जमा झाले. एकूण येणे ४५,००० च राहिले. आता पैसे भरलेल्याला तगादा लागेल आणि न भरलेल्याची बाकी कमी दिसेल.

याशिवाय मूळ रक्कमच दोन्हीकडे चुकीची लिहिली गेली, उदाहरणार्थ ७,६५० ऐवजी ६,७५०, किंवा दोन वेगळ्या चुकांनी योगायोगाने एकमेकींची भरपाई केली, तरी तेरीज जुळतेच.

दुरुस्तीनंतर काय बदलले?

खरेदी ४,१८,०००, देणे ७८,०००, फर्निचर ७४,००० आणि दुरुस्ती खर्च १०,००० झाला. तेरीज पुन्हा जुळली, पण आता ७,१८,००० वर. वर्षअखेरचा शिल्लक माल मोजून ८०,००० धरला आणि घसारा बाजूला ठेवला, तर नफा आधी ७०,००० दिसत होता, तो ७६,००० झाला. फरक फक्त ६,००० चा वाटतो, कारण एका चुकीने नफा १८,००० ने फुगवला होता आणि दुसरीने २४,००० ने घटवला होता. देणे मात्र १८,००० ने कमीच दिसत होते.

मग या चुका सापडतात कशा?

त्यासाठी वहीबाहेरचा पुरावा लागतो. पुरवठादाराकडून खातेउतारा मागवून आपल्या खात्याशी ताडला, की राहिलेले बिल सापडते. ग्राहकांना त्यांची बाकी कळवून होकार घेतला, की चुकीच्या खात्यातली जमा उघड होते. दुरुस्ती खर्चातली मोठी रक्कम दिसली, की तिचे बिल काढून वस्तू नेमकी कोणती हे पाहावे लागते.

संगणकावर हिशेब ठेवणाऱ्यांनी तर हे जास्तच लक्षात ठेवायला हवे. टॅलीसारखे सॉफ्टवेअर नावे आणि जमा समान नसलेली नोंद सहसा स्वीकारतच नाही. तिथे तेरीज जवळजवळ नेहमीच जुळते आणि उरतात त्या बहुतेक याच प्रकारच्या, तेरजेला न दिसणाऱ्या चुका.