विदेशी चलन विनिमय (फॉरेक्स)

एका देशाचे चलन देऊन दुसऱ्या देशाचे चलन घेण्याचा व्यवहार. हा बाजार एका इमारतीत भरत नाही. बँका आणि दलाल यांच्यातील संगणकीय जाळ्यावर तो सोमवारी सकाळी आशियात सुरू होतो आणि शुक्रवारी संध्याकाळी न्यूयॉर्कमध्ये थांबतो. बाझल येथील बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या २०२२ च्या पाहणीनुसार जगात रोज सुमारे साडेसात लाख कोटी डॉलरची उलाढाल होत होती आणि शंभरांपैकी ८८ व्यवहारांत एका बाजूला डॉलर होता. ही दुसरी गोष्ट आधी लक्षात ठेवावी; पुढचे बरेचसे तिच्यामुळे उलगडते.

चलनाला एकट्याला किंमत नसते. ती नेहमी दुसऱ्या चलनात सांगावी लागते, म्हणून दर जोडीने लिहितात. पडद्यावर EUR/USD समोर १.१३०० दिसले, तर एका युरोला १ डॉलर १३ सेंट पडतात. डावीकडचे चलन ही वस्तू आणि उजवीकडचे तिचे मोल. USD/INR ७४.३० म्हणजे एका डॉलरचे ७४ रुपये ३० पैसे. या जोडीत रुपया उजवीकडे असल्यामुळे आकडा वाढला की रुपया घसरलेला असतो. नवख्या वाचकाची गल्लत होते ती नेमकी येथेच.

दरही एक नसतो, दोन असतात. बँक ज्या दराने आपल्याकडून डॉलर घेते तो कमी आणि ज्या दराने आपल्याला देते तो जास्त. मधली तफावत, म्हणजे स्प्रेड, ही बँकेची कमाई. बँकांच्या आपसांतल्या व्यवहारात ती एखाद्या पैशाची असते, तर परदेशवारीसाठी रोख नोटा घेताना डॉलरमागे रुपयांत जाते.

दरातील हालचाल मोजायचे एकक म्हणजे पिप. बहुतेक जोड्यांत दशांश चिन्हानंतरचे चौथे स्थान म्हणजे एक पिप. जपानी येनच्या जोड्यांत ते दुसरे स्थान. युरो १.१३०० वरून १.१३०१ झाला तर तो एक पिप वाढला. अनेक पडद्यांवर याच्याही पुढचा एक अंक लहान टाइपात असतो, तो पिपचा दहावा भाग. डॉलर-रुपयाच्या बाबतीत मात्र आपल्याकडचे डीलर पिप म्हणत नाहीत, पैशांतच बोलतात: ‘रुपया बारा पैशांनी उतरला.’ पिपचे मोल रकमेवर ठरते. एक लाख युरोंच्या व्यवहारात एक पिप म्हणजे दहा डॉलर, वीस हजार युरोंवर दोन डॉलर.

हे सारे एकत्र कसे चालते ते २०२२ सालच्या उदाहरणावरून चांगले कळते. नाशिक भागातला एक द्राक्ष निर्यातदार समजा. जानेवारीत त्याने नेदरलँड्सच्या खरेदीदाराशी २०,००० युरोंचा सौदा केला. पैसे मे महिन्यात यायचे होते. त्या चार महिन्यांत रुपया डॉलरच्या तुलनेत एकंदरीत घसरला आणि तशा बातम्याही येत होत्या. रुपया घसरला की निर्यातदाराचे फावते असे आपण सरसकट म्हणतो. या माणसाचे मात्र नुकसान झाले.

युरो आणि रुपया यांचा थेट बाजार लहान आहे. म्हणून बँक युरोचा भाव डॉलरवरून काढते: आधी युरोचे डॉलर, मग डॉलरचे रुपये. अशा दराला क्रॉस रेट म्हणतात. जानेवारीच्या आरंभी युरो १.१३ डॉलरच्या आसपास होता आणि डॉलर ७४.३० रुपयांच्या. म्हणजे २०,००० युरोंचे २२,६०० डॉलर आणि त्यांचे १६ लाख ७९ हजार १८० रुपये. मेच्या मध्यावर युरो १.०४ पर्यंत उतरला होता, तर डॉलर साधारण ७७.४० वर गेला होता. आता त्याच युरोंचे २०,८०० डॉलर आणि रुपये १६ लाख ९ हजार ९२०. युरो ९०० पिप पडला. पिपमागे दोन डॉलर या हिशेबाने १,८०० डॉलर गेले. डॉलरमागे तीन रुपये दहा पैसे जास्त मिळाले, पण त्याने ती तूट भरून निघाली नाही. बँकेची तफावत सोडूनही ६९ हजार २६० रुपये कमी आले. डॉलरमध्ये बिल लावणाऱ्याला मात्र त्याच काळात दर डॉलरमागे तेवढाच, तीन रुपये दहा पैशांचा, फायदा झाला असता.

युरो का पडला? चलनाचा भाव ठरवणाऱ्या कारणांत व्याजदरातील फरक हे मला सर्वांत वरचे वाटते, आणि २०२२ साली ते उघड दिसले. महागाई आवरण्यासाठी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने मार्चपासून व्याजदर वाढवायला घेतले. युरोपच्या मध्यवर्ती बँकेचा ठेवींवरचा दर तेव्हा शून्याच्याही खाली, उणे अर्धा टक्का होता आणि तिने पहिली वाढ केली ती जुलैत. ज्या देशात जास्त व्याज तिकडे पैसा वळतो आणि तिकडे जायचे तर त्या देशाचे चलन विकत घ्यावे लागते. मात्र बाजार प्रत्यक्ष वाढीची वाट पाहत नाही. वाढ होणार असे दिसू लागताच भाव हलतो. म्हणूनच अपेक्षित निर्णय जाहीर झाल्यावर कधीकधी दर जागचा हलतही नाही, आणि लोक बुचकळ्यात पडतात.

दुसरे कारण व्यापाराचे. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. युरोप रशियाच्या नैसर्गिक वायूवर विसंबून होता; वायू महागला तसे आयातीचे बिल फुगले. भारताचेही तेच, फक्त येथे वायूऐवजी कच्चे तेल. आपण बहुतांश तेल बाहेरून आणतो आणि ते मुख्यतः डॉलरमध्ये. पिंपामागे शंभर डॉलरच्या वर भाव गेला की तेल कंपन्यांची डॉलरची मागणी वाढते आणि रुपयावर ताण येतो. तरीही रुपया युरोइतका पडला नाही, कारण रिझर्व्ह बँक आपल्या गंगाजळीतून डॉलर विकत होती. ती कोणताही ठरावीक दर धरून ठेवत नाही, चढउतार फार तीव्र होऊ नयेत एवढे पाहते. १९९३ पासून रुपयाचा दर बाजारावर सोडलेला आहे.

जुलैच्या मध्यावर एक युरो आणि एक डॉलर जवळपास सारखे झाले. सुमारे वीस वर्षांत असे घडले नव्हते. त्याच सुमारास डॉलर ८० रुपयांच्या उंबरठ्यावर होता, म्हणजे युरोही ८० रुपयांनाच. वर्षारंभी तो ८४ च्या जवळ होता.

हा धोका टाळण्यासाठी वरच्या द्राक्ष निर्यातदारासारख्याला सौद्याच्या दिवशीच बँकेशी फॉरवर्ड करार करता येतो. त्यात मे महिन्यात द्यायच्या युरोंचा भाव जानेवारीतच ठरतो. पुढे युरो वाढला तर तो फायदा सोडावा लागतो, पण हाती किती येणार ते आधी कळते. ज्याचा नफा लाखामागे चार-पाच हजारांचा आहे त्याने हा करार करावाच, असे माझे मत आहे.

पिपवर पैसे लावून झटपट कमाईची जाहिरात करणारी परदेशी ॲप हा वेगळा विषय आहे. भारतात राहणाऱ्याला विदेशी चलनाचे व्यवहार फेमा कायद्याखाली अधिकृत व्यक्तींशीच आणि मान्य कारणांसाठीच करता येतात. ऑनलाइन व्यवहार रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या मंचांवर किंवा मान्यताप्राप्त शेअर बाजारांवरच व्हावे लागतात. परवानगी नसलेल्या मंचांची सावधगिरीची यादी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या संकेतस्थळावर प्रथम दिली आणि नंतर ती वाढवत नेली. यादीत नाव नाही म्हणून तो मंच अधिकृत ठरत नाही, हेही बँकेने त्यासोबत स्पष्ट केले आहे.