रिजलँडचा अपघात आणि घडीव शाफ्टची दुहेरी परीक्षा

डिसेंबर १९५४ मध्ये शिकागोजवळील रिजलँड वीजकेंद्रात टरबाइनचा घडीव शाफ्ट फुटला. पोलादात कोंडलेल्या हायड्रोजनमुळे अंतर्भागी पडलेल्या चिरा हे त्याचे कारण ठरले.

अशा चिरा चुंबकीय कणांच्या परीक्षेत सापडणे शक्य नसते. शाफ्ट चुंबकित केला असता चिरेपाशी बलरेषा बाहेर फुटतात व तेथे लोहकण जमतात. परंतु हे केवळ पृष्ठभागी अथवा त्याच्या अगदी लगत घडते. शिवाय चीर बलरेषांना आडवी असावी लागते. म्हणून उभ्या चिरांसाठी शाफ्टमधून प्रवाह सोडतात आणि आडव्या चिरांसाठी त्याभोवती वेटोळे घालतात.

खोलीचा शोध श्राव्यातीत तरंगांनी लागतो. अमेरिकेत फ्लॉइड फायरस्टोन यांना प्रतिध्वनी पद्धतीचे एकस्व १९४२ मध्ये मिळाले होते. पोलादात तरंगांचा वेग सेकंदास सुमारे ५,९०० मीटर असतो. समजा, ६०० मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टमध्ये प्रतिध्वनी १३६ मायक्रोसेकंदांनी परतला, तर दोष ४०० मिलिमीटर खोल आहे. समोरच्या बाजूने तोच प्रतिध्वनी ६८ मायक्रोसेकंदांनी यावयास हवा. तसा आल्यास स्थान निश्चित होते.

मात्र किरणाला समांतर असलेली चपटी चीर क्षीण प्रतिध्वनी देते. म्हणून परिघावरून तसेच टोकांकडूनही तपासावे लागते. शोधनीलगतचे दोष तर आरंभीच्या स्पंदातच लपतात. थकव्याचे तडे बहुधा पृष्ठभागीच सुरू होत असल्याने तेथे लोहकणांनाच साक्षीस बोलवावे लागते.