हार्ट यांचे नियमपत्रक

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाचे नियंत्रक होरेस हार्ट यांनी १८९३ साली आपल्या जुळारी व मुद्रितशोधकांसाठी एक छोटी पुस्तिका छापली. तिचा उगम जुना होता. १८६४ साली लंडनमध्ये मुद्रितशोधकांच्या संघाचे सभासद असतानाच हार्ट यांनी अशा नियमांची जुळवाजुळव सुरू केली होती. बाहेरच्या वाचकांसाठी ही पुस्तिका १९०४ साली प्रसिद्ध झाली.

तिची गरज का पडली, हे हातजुळणीची पद्धत पाहिली म्हणजे कळते. एकच हस्तलिखित अनेक जुळाऱ्यांत वाटले जाई. ‘टुडे’ हा शब्द एकाने सलग जुळवावा, दुसऱ्याने मध्ये संयोगचिन्ह घालावे, आणि ‘किंग’चे आद्याक्षर एका पानावर मोठे, तर दुसऱ्यावर लहान पडावे! यांतील कोणतेच रूप स्वतंत्रपणे चूक नसते. म्हणूनच मुद्रितशोधकाच्या नजरेतून ते निसटते.

नियम केला म्हणजे काम संपले, असेही नव्हे. ऑक्सफर्डने ‘रिअलाइझ’सारख्या क्रियापदांच्या अंती ‘झेड’ हे अक्षर स्वीकारले, कारण तो प्रत्यय मूळ ग्रीक. परंतु ‘ॲडव्हर्टाइझ’ व ‘सरप्राइझ’ यांचा शेवट कानाला तसाच वाटला, तरी त्यांची व्युत्पत्ती निराळी. तेथे ‘एस’च हवा. केवळ नियम हाती असलेला जुळारी येथे हमखास फसतो. म्हणून पत्रकात नियमाखाली अपवादांची यादी नावानिशी द्यावी लागते.

दीर्घ प्रकल्पात आणखी एक अडचण येते. ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि शेवटचा १९२८ साली. प्रमुख संपादक जेम्स मरे १९१५ साली वारले. हार्टही त्याच वर्षी निवृत्त झाले. इतक्या काळात निर्णय कोणाच्या स्मरणावर सोपवता येत नाही. म्हणून संपादकाने आपल्या ग्रंथापुरते वेगळे पत्रक वर्णानुक्रमाने ठेवावे. प्रत्येक नोंदीत स्वीकारलेले रूप, टाकलेले रूप, कारण, शब्द प्रथम आला ते पान आणि निर्णयाची तारीख असावी. निर्णय फिरला तर जुनी नोंद खोडू नये. तिच्याखाली नवी लिहावी. म्हणजे कोणती पाने पुन्हा तपासावयाची, हे तारखेवरून कळते.

देवनागरीत मोठ्या अक्षरांचा प्रश्न नाही. पण १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, तेव्हा तोच पेच मराठीत उभा राहिला. जुनी पत्रे संपादताना ‘नांव’ की ‘नाव’? आमच्या मते पत्रकाची पहिली नोंद हीच असावी: मूळ पत्रात ‘नांव’ जसेच्या तसे, संपादकाच्या टीपेत ‘नाव’. ही मर्यादा लिहून ठेवली नाही, तर एकरूपतेच्या भरात शोधक मूळ लेखकाचाच अनुस्वार पुसून टाकतो, आणि पुराव्याचे कागद आपल्याच हाताने बदलले जातात.