घोलवडच्या पुढची पाटी

डहाणूहून उत्तरेकडे निघालेली गाडी घोलवड सोडते आणि थोड्याच वेळात महाराष्ट्र संपतो. पुढे उमरगाम रोड लागतं. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांच्या तीन ओळी तशाच असतात: वर राज्याची भाषा, मग हिंदी, मग इंग्रजी. बदलते ती फक्त वरची ओळ. आतापर्यंत तिथे मराठी होती, आता गुजराती आलेली असते. तरीही मराठी प्रवासी ती ओळ पहिल्याच प्रयत्नात बरीचशी वाचून जातो. उ, म, र, ग ही सगळी अक्षरं त्याच्या ओळखीची असतात, फक्त त्यांच्या डोक्यावर रेघ नसते.

ती रेघ व्यापाऱ्यांच्या हातून गेली. गुजरातेत पोथ्या आणि विद्वत्तेचं लेखन देवनागरीत होई, तर पत्रं आणि हिशेबाच्या वह्या वेगळ्या, धावत्या वळणाच्या लिपीत लिहिल्या जात. तिला सराफी, वाणियाशाई, महाजनी अशी नावं होती आणि या नावांतच तिचा धंदा कळतो. आपल्याकडे दफ्तरात मोडी होती, तशी पेढीवर ही. पण दोन्हीकडच्या घाईने वेगळा मार्ग काढला. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घेई आणि मग अक्षरं तिला टांगत जाई. पेढीवरच्या लेखकाने रेघच काढून टाकली.

पेढीवरची ही लिपी छापखान्यात आली ती मुंबईत. 1797 मध्ये ‘बॉम्बे कुरियर’मधल्या एका जाहिरातीत गुजराती अक्षरं पहिल्यांदा छापली गेली. 1822 मध्ये फर्दुनजी मर्झबान यांनी ‘मुंबई समाचार’ सुरू केला. एकोणिसाव्या शतकात पुस्तकंही याच लिपीत निघू लागली आणि वहीतलं वळण साऱ्या भाषेचं झालं. मोडी मात्र छपाईत टिकली नाही. मराठीने बाळबोध लिपी धरली. म्हणूनच आज मराठी पाटीवर शिरोरेघ आहे आणि गुजराती पाटीवर नाही.

ही पाटी वाचायला शिकण्यासाठी पुस्तक लागत नाही, कारण उत्तर खालच्याच ओळीत असतं. सुरुवात वलसाड आणि नवसारीपासून करावी. व, ल, स, ड, न, र या अक्षरांवर मनातल्या मनात रेघ ओढली की नाव वाचता येतं. अडतं ते क आणि ब या अक्षरांशी. गुजराती क ला मधला उभा दांडा नाही, तो एका झटक्यात वळवलेला असतो. ब च्या पोटात तिरकी रेघ नाही. बिलिमोऱ्याच्या पाटीवर पहिलंच अक्षर ब आहे, तिथे ते पाहून ठेवावं. सुरतेच्या पुढे कोसंबा लागतं. तिथे क आणि ब दोन्ही एकाच नावात आहेत. ब आधी ओळखलेला असतो, म्हणजे उरलेलं अनोळखी अक्षर क. लगेच पुढे अंकलेश्वरला त्याची खात्री करून घेता येते. भरूचला भ मिळतो. वडोदऱ्याला नवीन काहीच अडत नाही.

मग अहमदाबाद येतं आणि ही रीत फसते. हिंदी ओळीत ‘अहमदाबाद’ असतं. वाचणारा वरच्या ओळीत ह शोधतो, तो सापडत नाही. ब सुद्धा नसतो, त्याच्या जागी व दिसतो. बिलिमोऱ्यापासून पाठ केलेलं चुकलं की काय, अशी शंका येते. चुकलेलं काही नसतं. गुजराती माणूस आपल्या शहराला ‘अमदावाद’ म्हणतो आणि पाटीवर तसंच लिहिलेलं असतं. पाटीवरच्या तीन ओळी एकमेकींची अक्षरशः नक्कल नसतात, प्रत्येक ओळ आपापल्या भाषेतलं नाव सांगते. सुरतेलाही हाच फरक बारीक रूपात दिसतो: हिंदीत सू दीर्घ, गुजरातीत मराठीसारखाच ऱ्हस्व. म्हणून ओळखीचं अक्षर आणि हिंदी ओळ यांचं जुळेनासं झालं, तर अक्षरावर विश्वास ठेवावा.

स्टेशनबाहेर दुकानांच्या पाट्या आणि एसटीचे फलक असतात. तिथे खाली हिंदी ओळ मिळेलच असं नाही आणि गुजराती आकडेही दिसतात. र आणि दोनचा आकडा जवळजवळ सारखे, तसेच प आणि पाचचा आकडाही. तिथे शेजारची अक्षरं पाहूनच ठरवावं लागतं.

स्वरांची एक गंमत केवडियाच्या स्टेशनवर दिसते. आता त्याचं नाव एकता नगर आहे. गुजरातीत ए ला वेगळं चिन्ह नाही, अ वर एक मात्रा दिली की ए होतो. त्यामुळे मराठी डोळ्यांना ती पाटी ‘अेकता नगर’ अशी दिसते. सावरकरांनी लिपिशुद्धीच्या चळवळीत मराठीसाठी हीच अ ची बाराखडी सुचवली होती. मराठीत ती रुजली नाही, गुजरातीत मात्र ए, ऐ, ओ, औ हे चारही स्वर आजही अ पासूनच लिहिले जातात.